पेपर पाठवण्याआधी नावांचा क्रम कसा मांडावा

प्रश्न: मी एका वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिनमध्ये असिस्टंट प्रोफेसर आहे. आश्रमशाळेतल्या मुलींच्या अ‍ॅनिमियावरचा आमचा पेपर तीन आठवड्यांत जर्नलला जाणार आहे. प्रोटोकॉल आणि मसुदा माझा. प्रश्नावली आणि पहिल्या दोन शाळा एका सहकारी मॅडमनी केल्या, मग त्यांची बदली झाली. उरलेल्या दोन शाळा आणि मास्टर चार्ट रेसिडेंटने केला. तपासण्या बायोकेमिस्ट्रीच्या मॅडमनी केल्या. सॅम्पल साइज आणि विश्लेषण विद्यापीठातल्या सांख्यिकीच्या सरांचं. विषय आणि परवानग्या विभागप्रमुखांच्या. नावांचा क्रम कोणीच काढत नाही. मीच सुचवू का? कसं, म्हणजे कोणी दुखावणार नाही?

उत्तर:

हो, तुम्हीच सुचवा. मसुदा ज्याच्या हातात असतो त्याने क्रम मांडला नाही, तर तो पाठवायच्या आदल्या रात्री ठरतो, आणि तेव्हा जो फोनवर सापडतो त्याचं चालतं. तीन आठवडे पुरेसे आहेत, फक्त सुरुवात नावांपासून करू नका.

आधी दोन प्रश्न वेगळे करा: लेखक कोण, आणि लेखकांत कोण कितवा. बहुतेक भांडणांत हे दोन्ही एकत्र आलेले असतात. पहिल्याचं उत्तर तुमच्या मर्जीवर नाही. वैद्यकीय जर्नलं आयसीएमजेई या जर्नल-संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या ज्या अटी मानतात त्या चार आहेत: अभ्यासाची कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांपैकी कशात तरी भरीव वाटा; मसुदा लिहिणं किंवा त्यात नीट डोकं घालून दुरुस्त्या सुचवणं; अंतिम प्रतीला मान्यता; आणि पुढे कोणी शंका काढली तर उत्तर द्यायची जबाबदारी. चारही हव्यात. नुसता निधी मिळवून देणं किंवा नुसती देखरेख पुरत नाही. दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे क्रमाबद्दल, आयसीएमजेई काहीच ठरवून देत नाही. ते लेखकांनी आपसात ठरवायचं आणि संपादकाने त्यात पडायचं नाही, एवढंच म्हणते.

त्या अटींसोबतच आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे, ती आपल्याकडे फारच कमी जणांनी वाचलेली असते. ज्याने पहिली अट पूर्ण केली, त्याला मसुदा वाचायची आणि सुधारायची संधी दिलीच पाहिजे; ती न देऊन त्याला यादीतून बाहेर काढता येत नाही. तुमच्या बाबतीत हे सगळ्यांनाच लागू आहे, म्हणून मसुदा सगळ्यांना पाठवा, आणि दोघांची खास काळजी घ्या. बदली झालेल्या मॅडमना आणि रेसिडेंटला मसुदा अजून गेला नसेल, तर आज पाठवा. ‘त्यांनी लिखाणात काहीच केलं नाही’ हे वाक्य मी कित्येकदा ऐकलं आहे, आणि बऱ्याच वेळा त्यांना मसुदा पाठवलेलाच नव्हता. रेसिडेंटला स्पष्ट सांगा की कामाच्या पद्धतीचा भाग आणि तक्ते त्याने तपासून लेखी दुरुस्त्या द्यायच्या आहेत. सांख्यिकीच्या सरांनाही हेच सांगा, कारण नुसत्या तक्त्यांची फाइल पाठवून दुसरी अट पूर्ण होत नाही.

आता कामाची यादी. एक कोरा तक्ता करा, त्यात तुमच्या अभ्यासातली खरी कामं लिहा: विषय सुचवणं, प्रोटोकॉल, एथिक्स कमिटीचा अर्ज, आदिवासी विकास विभागाची परवानगी, प्रश्नावली, पहिल्या दोन शाळा, नंतरच्या दोन शाळा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिनच्या तपासण्या, मास्टर चार्ट, सॅम्पल साइज, रिग्रेशन, आकृत्या, पहिला मसुदा, दुरुस्त्या. फक्त स्वतःचा रकाना भरा आणि बाकीचे कोरे ठेवून सगळ्यांना पाठवा. सोबत दोनच ओळी: ‘जर्नलला योगदानाचं निवेदन द्यावं लागणार आहे. मी माझा भाग भरला आहे, आपण आपला भरावा, आणि माझ्या भागात काही जास्त लिहिलं गेलं असेल तर सांगावं.’ दुसऱ्याचा रकाना तुम्ही भरलात तर तो गुणपत्रिकेसारखा वाचला जातो, मग तुम्ही कितीही उदारपणे भरलेला असो. आणि शेवटची ओळ गाळू नका. पहिल्या नावाचा माणूस स्वतःचं काम तपासायला देतो तेव्हा बाकीचेही आपला रकाना जपून भरतात.

टक्केवारी मात्र मागू नका. ‘माझं 40 टक्के’ म्हणणाऱ्याला 30 वर आणणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याचं काम कमी लेखणं. सहा जणांना वेगवेगळं विचारलंत तर बेरीज शंभराच्या पुष्कळ पुढे जाते, कारण स्वतः घालवलेला प्रत्येक तास आपल्याला आठवतो आणि दुसऱ्याचे तास दिसलेलेच नसतात. ‘कोणी काय केलं’ यावर सहसा वाद होत नाही. ‘कोणी किती केलं’ यावर होतो.

तक्ता भरून आला की क्रमाचा विचार करा. तुमच्या क्षेत्रात जागांना ठरलेला भाव आहे, आणि तो कळल्याशिवाय वाटाघाट करण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये वैद्यकीय शिक्षकांच्या पात्रतेचा नियम बदलला, तेव्हा बढतीसाठी पेपर मोजला जायला लेखक पहिल्या तिघांत किंवा करस्पाँडिंग ऑथर असावा असं ठरलं. त्याआधी 2015 आणि 2017 मध्येही हा नियम बदलला होता, म्हणून आजचा लागू नियम स्वतः उघडून वाचा, कोणाच्या आठवणीवर जाऊ नका. सांख्यिकीचे सर विद्यापीठातले, त्यांना यूजीसीचे 2018 चे नियम लागतात. त्यात दोनपेक्षा जास्त लेखक असले की प्रथम, प्रमुख किंवा करस्पाँडिंग लेखकाला पेपरच्या गुणांच्या 70 टक्के आणि बाकी प्रत्येकाला 30 टक्के मिळतात.

या दोन नियमांमुळे तुमचं अर्धं काम सोपं झालं आहे. सांख्यिकीच्या सरांना तिसरं नाव मिळालं काय किंवा पाचवं, त्यांच्या हिशेबात फरक पडत नाही. बायोकेमिस्ट्रीच्या मॅडमना मात्र तिसरं आणि चौथं यांत पेपर मोजला जाणं आणि न जाणं एवढा फरक आहे. विभागप्रमुख प्रोफेसर असतील तर त्यांची बढतीची गरज संपलेली असते. आपल्या क्षेत्रात शेवटचं नाव मार्गदर्शकाचं मानतात, त्यामुळे ती जागा त्यांना शोभते आणि कोणाची जागाही जात नाही. म्हणून प्रत्येकाला खासगीत विचारा: ‘तुमच्यासाठी या पेपरमध्ये कोणती जागा कामाची आहे?’ लोक हे विचारायला लाजतात. विचारून बघा, समोरचा बहुतेक वेळा मोकळा होऊन सांगतो.

पण गरज ही दोन जवळपास सारख्या योगदानांतली निवड करायला वापरायची, योगदानाच्या वर चढवायची नाही. ज्याने फक्त एकदा मसुदा वाचला त्याची बढती अडली आहे म्हणून त्याला दुसरं नाव देणं म्हणजे दोन शाळा फिरलेल्या माणसाच्या ताटातलं काढून देणं.

तुमच्या वर्णनावरून मी असा क्रम मांडला असता: पहिले तुम्ही, दुसऱ्या बदली झालेल्या मॅडम, कारण प्रश्नावली आणि निम्मं क्षेत्रकाम त्यांचं, आणि त्यांच्या प्रश्नावलीवरच उरलेल्या दोन शाळा झाल्या, तिसऱ्या बायोकेमिस्ट्रीच्या मॅडम, चौथा रेसिडेंट, पाचवे सांख्यिकीचे सर, शेवटी विभागप्रमुख. करस्पाँडिंग तुम्ही.

यात टोचणारी जागा चौथी आहे. रेसिडेंटने दोन शाळा केल्या, मास्टर चार्ट केला, आणि तो मोजणीतून बाहेर जातो. आपल्याकडे हे इतकं सर्रास होतं की कोणाला वावगं वाटत नाही. इथे एक गोष्ट बघा: पहिलं नाव आणि करस्पाँडिंग या दोन्ही जागा तुमच्याकडे असल्या तर मोजले जाणारे तिघेच राहतात. करस्पाँडिंग पहिल्या तिघांबाहेरच्या कोणी घेतलं तर चौघे मोजले जातात. बायोकेमिस्ट्रीच्या मॅडम करस्पाँडिंग झाल्या तर रेसिडेंट तिसरा येतो, मॅडम पाचव्या जागी जाऊनही त्यांचा पेपर मोजला जातो, सांख्यिकीचे सर चौथे होतात, आणि तुमचं काही जात नाही.

ही सोय खरी आहे, पण ती एका अटीवर. करस्पाँडिंग म्हणजे जर्नलची सगळी पत्रं, परीक्षकांच्या शंका, सह्यांचे फॉर्म, पुढे चार वर्षांनी कोणी डेटा मागितला तर त्याला उत्तर. मॅडम हे खरंच करणार असतील तर पर्याय चांगला. नुसतं नावापुढे ई-मेल छापायचा आणि मागून सगळं तुम्ही करायचं, असं असेल तर करू नका. पहिल्याच रिव्हिजनला तारीख चुकते आणि सगळ्यांचा पेपर अडकतो. माझं मत विचाराल तर मॅडमशी बोलून बघा, आणि त्या मनापासून ‘हो’ म्हणाल्या तर दुसरी मांडणी घ्या.

‘पहिल्या दोघांचं समान योगदान’ अशी तळटीप कोणी सुचवेल. खरोखर समान असेल तर जरूर घाला. पण छाननी समिती ती मोजेलच असं नाही, आणि संदर्भ देताना लोक पहिलंच नाव लिहितात, हे दुसऱ्या व्यक्तीला आधी सांगा. तळटीप घालून वाद मिटवला आणि वर्षाने तिला कळलं की तिचा उपयोग झाला नाही, तर राग तुमच्यावर येतो.

बोलायचं कोणाशी आणि कधी, यात मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. पूर्वी एका महाविद्यालयात असताना सात जणांच्या पेपरचा क्रम मी थेट सगळ्यांना एकाच वेळी पाठवला. क्रम योग्य होता असं मला आजही वाटतं. पण प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने आपलं पाचवं नाव इतर सहा जणांच्या देखत वाचलं. ते त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. रिव्हिजन आली तेव्हा परीक्षकाने मागितलेल्या फेरतपासणीला त्यांनी ‘वेळ नाही’ म्हटलं, आणि पेपर तीन महिने तसाच पडून राहिला. मी त्यांना आधी दहा मिनिटं भेटलो असतो तर ते पाचव्या नावालाही तयार झाले असते. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. म्हणून ज्याला अपेक्षेपेक्षा खालची जागा मिळणार आहे त्याच्याशी आधी एकट्याने बोला, लेखी प्रस्ताव त्यानंतर.

पण सगळ्यांत आधी विभागप्रमुख. त्यांना बाजूला ठेवून बाकीच्यांशी ठरवलंत तर क्रम कितीही बरोबर असला तरी तो मोडतो. चेंबरमध्ये भरलेला तक्ता घेऊन जा आणि असं काहीसं म्हणा: ‘सर, कोणी काय केलं ते सगळ्यांनी भरून दिलंय. त्यावरून मी एक कच्चा क्रम मांडलाय. आपला विषय आणि मार्गदर्शन म्हणून आपलं नाव शेवटी ठेवलंय. इतरांना पाठवण्याआधी आपण एकदा पाहावा.’ इथे तुम्ही परवानगी मागत नाही आणि निर्णयही सांगत नाही. कागद दाखवून मत विचारता. सर म्हणाले ‘माझं नाव दुसरं टाक’, तर लगेच नाही म्हणू नका. दोन दुष्परिणाम समोर ठेवा: बदली झालेल्या मॅडम तिसऱ्या होतात आणि बायोकेमिस्ट्रीच्या मॅडमचा पेपर मोजणीतून जातो. बऱ्याच ज्येष्ठांनी हा हिशेब मांडूनच पाहिलेला नसतो, आणि पाहिला की ते स्वतः मागे सरकतात. सगळे सरकत नाहीत, हेही खरं.

त्याच चेंबरमध्ये दुसरी मागणी येऊ शकते: ‘डीन सरांचंही नाव घाला.’ इथे नियमांचं भाषण देऊ नका. जर्नलच्या फॉर्मचा आधार घ्या, तो खराही आहे: ‘सर, फॉर्मवर प्रत्येकाला आपलं काम लिहून सही करायची आहे, आणि डेटावर शंका आली तर उत्तर द्यायची हमी द्यायची आहे. डीन सरांना त्यात अडकवण्यापेक्षा आभारात त्यांचा ठळक उल्लेख करू.’ आभारात नाव घालण्याआधी त्यांची लेखी संमती घ्या, कारण आभारात नाव म्हणजे निष्कर्षांना पाठिंबा असं वाचणारे असतात.

बदली झालेल्या मॅडमना फोन करा, मेसेज नको. दूर गेलेल्या माणसाला सगळ्यांत मोठी भीती ही असते की आपलं नाव आपल्यामागे गळेल. पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘पेपर तयार होतोय, तुमचं नाव दुसरं ठेवायचा प्रस्ताव आहे, मसुदा पाठवलाय, रिव्हिजनमध्ये प्रश्नावलीवरच्या शंका तुम्ही बघाल ना?’ उत्तर ‘वेळ नाही’ आलं तर तिथेच मोकळेपणाने विचारा की दुसरं की चौथं. रेसिडेंटशी बोलताना मात्र उलट काळजी घ्या. तो तुम्हाला ‘काहीही चालेल, मॅडम’ किंवा ‘चालेल, सर’ असंच म्हणणार, कारण त्याचं इंटर्नल तुमच्या विभागात आहे. त्या ‘चालेल’ला संमती समजू नका. दोन्ही मांडण्या दाखवा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायला सांगा.

मग लेखी प्रस्ताव, ई-मेलने, एकाच धाग्यात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नको. तिथे वर आलेला अंगठा म्हणजे ‘वाचलं’ की ‘मान्य’ हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. मजकूर साधारण असा ठेवा:

‘सर्वांना नमस्कार. आपण सगळ्यांनी भरलेला कामाचा तक्ता जोडला आहे. त्यावरून आणि प्रत्येकाशी झालेल्या बोलण्यावरून नावांचा क्रम खालीलप्रमाणे सुचवत आहे. हा प्रस्ताव आहे, अंतिम नाही. ज्यांना बदल सुचवायचा आहे त्यांनी मला थेट फोन करावा किंवा इथे लिहावं, दोन्ही चालेल. मान्य असल्यास पुढच्या शुक्रवारपर्यंत “क्रम आणि योगदान मान्य” एवढं उत्तर द्यावं. सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय मी पेपर पाठवणार नाही. रिव्हिजनमध्ये कोणाच्या कामात मोठी भर पडली, तर क्रमाचा पुन्हा विचार करू.’

‘उत्तर आलं नाही तर मान्य समजू’ असं वाक्य यात नाही, आणि घालूही नका. जर्नल प्रत्येकाची संमती मागतं. गप्प बसलेल्याची संमती तुम्ही धरलीत तर खोटी हमी तुमच्या नावावर जाते. शेवटची रिव्हिजनची ओळही ठेवा. तीच ओळ नसल्यामुळे लोक आता भांडतात. ती असली की आजचा क्रम त्यांना कायमचा वाटत नाही. एकदा पेपर गेल्यावर मात्र नाव घालणं, काढणं किंवा हलवणं म्हणजे सगळ्यांच्या सह्यांनिशी कारण देणं, आणि स्वीकारल्यानंतर बहुतेक जर्नलं ते जवळजवळ होऊच देत नाहीत.

योगदानाचं निवेदन सबमिशनच्या पानावर क्रेडिट पद्धतीने मागतील. त्यात 14 भूमिका आहेत आणि एकीला कितीही नावं चालतात. तुमच्या तक्त्यावरून ते असं होईल:

```
Author 1: Conceptualization, Methodology, Writing – original draft
Author 2: Methodology, Investigation
Author 3: Investigation, Validation
Author 4: Investigation, Data curation
Author 5: Formal analysis
Author 6: Conceptualization, Supervision
All: Writing – review & editing
```

शेवटची ओळ सवयीने टाकू नका. ज्यांनी खरोखर दुरुस्त्या पाठवल्या त्यांचीच नावं तिथे असावीत. म्हणून सुरुवातीला मसुदा सगळ्यांना पाठवा म्हटलं. ‘सुपरव्हिजन’ ही भूमिका क्रेडिटमध्ये आहे म्हणून नुसत्या देखरेखीने कोणी लेखक होत नाही. क्रेडिट काम नोंदवतं, लेखक ठरवत नाही. विभागप्रमुखांचं नाव इथे बसतं ते विषय त्यांचा होता आणि मसुद्यावर त्यांच्या खुणा आहेत म्हणून. खुणा नसतील तर या आठवड्यात त्यांच्याकडून त्या करून घ्या.

एवढं करूनही एकजण अडून बसला तर पेपर पाठवू नका आणि संपादकाला लिहूही नका. संपादक निवाडा करत नाही, संस्थेकडे बोट दाखवतो. भरलेला तक्ता आणि ई-मेलचा धागा घेऊन रिसर्च सेलमध्ये किंवा दोघांनाही मान्य असलेल्या बाहेरच्या प्रोफेसरकडे जा, आणि जायच्या आधी लिहून घ्या की ते म्हणतील तो क्रम सगळ्यांना मान्य राहील. यात फार तर दोन आठवडे जातात. तुमची तारीख जर्नलच्या विशेषांकाची नसेल तर ते दोन आठवडे परवडतात.